कॉर्टिसॉलची हाक पेशींना ऐकू येईनाशी होते तेव्हा

कॉर्टिसॉलच्या तपासणीसाठी रक्त बहुधा सकाळी आठच्या सुमारास घेतात. तेच दुपारी उशिरा घेतले तर आकडा बराच खाली आलेला असतो आणि मध्यरात्रीच्या आसपास तो तळाला पोचतो. त्यामुळे रक्त किती वाजता घेतले हे ठाऊक नसेल, तर त्या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही.

हे संप्रेरक मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींत तयार होते, पण हुकूम मेंदूतून सुटतो. हायपोथॅलॅमस पिट्यूटरी ग्रंथीला इशारा देतो, पिट्यूटरी एसीटीएच नावाचे संप्रेरक सोडते आणि ते अधिवृक्क ग्रंथींना कामाला लावते. पहाटेपासूनच पातळी चढू लागते आणि जाग आल्यावर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात ती आणखी उसळी घेते. रक्तात पुरेसे कॉर्टिसॉल जमले की तेच मेंदूला थांबायला सांगते.

अचानक संकट आले, तोंडी परीक्षा असली, की हीच साखळी अवेळी हलते आणि तास-दीड तासात बहुधा शांत होते. कॉर्टिसॉल या वेळी रक्तातली साखर वाढवते. शिवाय त्याचे एक काम फारसे कुणी लक्षात घेत नाही: ते शरीरातला दाह आवरून धरते.

ताण महिनोन् महिने चालला की नेमके हेच काम बिघडते. कॅन्सर झालेल्या मुलांच्या आईवडिलांवरचा एक अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. संशोधकांनी त्यांच्या रक्तात कॉर्टिसॉलसारखेच काम करणारे औषध मिसळले. निरोगी मुलांच्या पालकांच्या रक्तात त्या औषधाने दाह वाढवणारे एक रसायन जितके दबले, तितके या पालकांच्या रक्तात दबले नाही. हाक पोचत होती, पेशी दाद देत नव्हत्या.

अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाचे शेल्डन कोहेन यांनी पुढची पायरी गाठली. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात 276 निरोगी माणसांना आधी अलीकडच्या मोठ्या तणावांबद्दल विचारले, मग नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब घालून पाच दिवस वेगळे ठेवले. दीर्घ तणावातून गेलेल्यांच्या पेशी कॉर्टिसॉलला कमी दाद देत होत्या आणि त्यांना सर्दीही अधिक झाली. सर्दीत नाक वाहते, चोंदते, ते बरेचसे आपल्याच शरीराच्या दाहामुळे. तो आवरणारा लगाम इथे सैल पडला होता.

म्हणून ‘ताण मोजण्यासाठी’ स्वतःहून एकदा कॉर्टिसॉल तपासून घेण्यात पैसे घालवू नयेत. ते प्रमाणात दिसले, तरी पेशी त्याचे किती ऐकतात हे अहवालात येत नाही. ही तपासणी खरी उपयोगी पडते ती कुशिंग आणि ॲडिसन यांसारख्या आजारांचा संशय असताना, आणि तेव्हाही डॉक्टरांनी सांगितलेली वेळ पाळली तरच.