सदा जागा पडदा : बॅटरी किती खातो?

मोबाइल बाजूला ठेवला, पडदा काळा झाला, तरी त्यावर मंद उजेडात घड्याळ, तारीख आणि बॅटरीचा आकडा दिसत राहतो. या सोयीला ‘ऑलवेज-ऑन डिस्प्ले’ म्हणतात. तिच्याविषयी दोन मते नेहमी ऐकू येतात. एक म्हणजे, ‘हे बंद कर, बॅटरी पिते.’ दुसरे म्हणजे, ‘हे चालू असले की वेळ बघायला पडदा पेटवावा लागत नाही, म्हणून बॅटरी वाचतेच.’ उन्हाळ्याच्या सुटीत भिलाईला घरी असताना मी ही दोन्ही मते मोजून पाहिली. मोजणी दहावीच्या पदार्थविज्ञानापलीकडची नाही, त्यामुळे ती कोणालाही करता येईल.

आधी हा पडदा चालतो कसा ते पाहू. आजच्या बऱ्याच फोनमध्ये ओएलईडी जातीचा पडदा असतो. त्यातला प्रत्येक ठिपका स्वतःच प्रकाश देतो, आणि काळा ठिपका म्हणजे विझलेला ठिपका. त्यामुळे काळ्या पडद्यावर नुसते घड्याळ दाखवायचे असेल तर लाखो ठिपक्यांपैकी थोडेच पेटवावे लागतात. जुन्या एलसीडी पडद्यात मागून दिवा लागतो. तिथे एक आकडा दाखवायचा तरी दिव्याचा मोठा भाग पेटतो. म्हणून ही सोय मुख्यतः ओएलईडीबरोबर रुळली. २०१६ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस-७ बरोबर ती दिली तेव्हा तासाला १ टक्क्याहून कमी बॅटरी लागते, असे कंपनीने सांगितले होते. त्याच वर्षी एलजीने जी-५ या एलसीडी फोनमध्येही ही सोय दिली, पण त्यासाठी मागच्या दिव्याचा थोडासाच भाग पेटेल अशी खास रचना करावी लागली.

दुसरी बचत वेगाची. नेहमीचा पडदा सेकंदाला ६० किंवा १२० वेळा नव्याने रंगवला जातो. घड्याळाला तेवढी घाई नाही, त्यामुळे सदा जाग्या अवस्थेत हा वेग उतरवतात. २०२२ च्या आयफोन १४ प्रोमध्ये तो सेकंदाला एकापर्यंत खाली येतो. शिवाय पडदा चालवणारी चिप तेच चित्र आपल्या जवळ धरून ठेवते आणि फोनचा मुख्य प्रोसेसर मधल्या वेळात झोपलेला राहतो. म्हणजे उघड्या पडद्याचा खर्च आणि या पडद्याचा खर्च यांची तुलना सरसकट करता येत नाही. मोजावेच लागते.

मोजण्यासाठी मी बाबांचा फोन घेतला. बॅटरी ५००० मिलिअँपिअर-तासांची, पडदा ओएलईडी. तीन रात्री ऑलवेज-ऑन बंद ठेवून आणि तीन रात्री चालू ठेवून फोन त्याच टेबलावर, पडदा वर करून, १० ते ६ असा आठ तास ठेवला. सिम तेच, वाय-फाय तेच. सुरुवात १०० टक्क्यांपासून केली नाही, कारण चार्जर काढल्यावर कित्येक फोन काही वेळ १०० वरच अडून बसतात आणि मोजणी फसते. मी ९० च्या खाली आल्यावर सुरू केली. आणखी एक काळजी घ्यावी लागते. फोन पूर्ण टक्केच दाखवतो, त्यामुळे एका तासाच्या मोजणीला अर्थ नाही. एक टक्क्याची चूक आठ तासांत विभागली गेली तरच ती किरकोळ ठरते.

बंद असताना रात्रीत सरासरी ३ टक्के उतरले. चालू असताना ८ टक्के. फरक ५ टक्के, म्हणजे तासाला सुमारे ०.६ टक्का. दिवसा खिडकीजवळच्या टेबलावर तोच प्रयोग चार तास केला तेव्हा फरक ४ टक्के आला, म्हणजे तासाला १ टक्का. दिवसाचा खर्च जास्त का? फोनमधला प्रकाश ओळखणारा सेन्सर अंधारात हे घड्याळ अगदी मंद करतो आणि उजेडात ते दिसावे म्हणून ठळक करतो. भिलाईच्या मे महिन्यातला खिडकीचा उजेड डोळ्यांना सहन होत नाही. तिथे घड्याळालाही जोर लावावा लागतो.

इथे कोणी म्हणेल, ‘तीनाचे आठ झाले, म्हणजे खर्च अडीचपटीहून जास्त!’ हिशेब बरोबर आहे, पण तो फसवा आहे. निजलेल्या फोनचा खर्चच इतका थोडा असतो की त्यात काहीही मिळवले तरी पट मोठी दिसते. ‘किती पट’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘दिवसाला किती टक्के’ असे विचारायला हवे.

त्यासाठी बाबांचा सकाळपाळीचा दिवस घेऊ. ते पहाटे पाचला फोन चार्जरवरून काढतात आणि रात्री दहाला परत लावतात. मधे १७ तास. त्यातले जाणे-येणे धरून ९ तास फोन पॅन्टच्या खिशात. साधारण ३ तास बोलणे, बातम्या, व्हिडिओ. उरलेले ५ तास फोन घरी टेबलावर किंवा दिवाणावर पडलेला. आता पाहा, वापरताना मुख्य पडदा चालू असतो, त्या वेळी ऑलवेज-ऑनचा वेगळा खर्च नाही. खिशात असताना जवळची वस्तू ओळखणारा सेन्सर झाकला जातो आणि घड्याळ आपोआप विझते. पालथा ठेवला तरी बहुतेक फोनमध्ये तसेच होते. राहिले ते टेबलावरचे ५ तास. तासाला १ टक्का धरला तरी दिवसाचे ५ टक्के. १७ तास गुणिले १ असा गुणाकार करणारा १७ म्हणेल, पण खरा आकडा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी आहे.

बाबांना हे पटेना. ते म्हणाले, ‘‘अरे, मग पाळी संपेपर्यंत माझी बॅटरी एवढी खाली का येते? तो घड्याळाचा प्रकारच बंद कर.’’ म्हणून पाळीच्या वेळेची नोंद ठेवली. ऑलवेज-ऑन चालू असताना ९ तासांत २४ टक्के गेले. दुसऱ्या दोन दिवशी ते बंद ठेवले, तर २३ आणि २५. म्हणजे खिशातल्या फोनवर त्याचा परिणाम शून्य. सुटीच्या दिवशी तोच फोन घरी ९ तास खिशात ठेवला, तेव्हा अवघे ५ टक्के गेले. फरक जागेचा होता. जाड भिंती आणि पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये सिग्नल क्षीण होतो. मग फोन टॉवरपर्यंत आवाज पोहोचावा म्हणून जास्त ताकदीने लहरी सोडतो आणि पुनःपुन्हा टॉवर शोधत राहतो. पाळीतले चारदोन कॉल त्यात आहेतच, पण मोठा वाटा या शोधाशोधीचा. उपाय म्हणून बाबांनी पाळीपुरता मोबाइल डेटा बंद ठेवला आणि फोन फोर-जीवर आणला, तेव्हा २४ चे १५ झाले. घड्याळ मात्र चालूच राहिले.

आता दुसरे मत तपासू. घड्याळ सतत दिसले की पडदा पेटवायचे वाचते, म्हणून एकूण बचत होते का? इथे ज्यूल कामाला येतात. ५००० मिलिअँपिअर-तास म्हणजे ५ अँपिअर-तास. बॅटरीचा दाब सरासरी ३.८५ व्होल्ट. गुणाकार १९.२५ वॅट-तास, म्हणजेच ६९,३०० ज्यूल. यातला १ टक्का सुमारे ६९० ज्यूल. रात्रीचा कमी आकडा, म्हणजे तासाला ०.६ टक्का, घेतला तरी ऑलवेज-ऑन तासाला ४०० ज्यूलच्या आसपास घेते. आता बटण दाबून वेळ पाहिली असे समजा. पडदा आणि जागा झालेला प्रोसेसर मिळून २ वॅट घेतात आणि १० सेकंदांनी पडदा विझतो असे धरू. खर्च २० ज्यूल. ४०० भागिले २० म्हणजे २०. तासाला वीसदा, दर तीन मिनिटांनी एकदा वेळ पाहणारा माणूस असेल, तरच ऑलवेज-ऑन त्याला बचतीचे ठरेल. एरवी ते खर्चाचेच आहे. म्हणजे दोन्ही मते पूर्ण खरी नाहीत: ही सोय बॅटरी वाचवत नाही, आणि फारशी पीतही नाही.

माझे आकडे सर्व फोनना लागू होणार नाहीत. काळ्या पार्श्वभूमीवर फक्त घड्याळ असेल तर खर्च कमी. पण काही नव्या फोनमध्ये संपूर्ण चित्रच मंद करून दाखवतात. तिथे ठिपके किती तरी जास्त पेटतात, आणि खर्च वाढतो. फोनला पारदर्शक खिडकीचे झाकण असेल तर सेन्सर उघडाच राहतो आणि घड्याळ झाकणाखालीही जळत राहते. आपला फोन खिशात विझतो की नाही हे पाहायचे तर अंधाऱ्या खोलीत पडद्याच्या वरच्या कडेवर तळहात धरा, काही सेकंद थांबा आणि बाजूने डोकावून पाहा. उजेड उरला असेल तर सेन्सर झाकला जात नाही किंवा तो भाग कव्हरने, चिकटवलेल्या काचेने बिघडवला आहे. अशा फोनला मात्र खिशातले ९ तासही हिशेबात धरावे लागतात.

एक सोपा मधला मार्ग सेटिंगमध्येच असतो. ‘स्पर्श केल्यावर दाखवा’ हा पर्याय निवडला तर घड्याळ काही सेकंदच दिसते आणि खर्च जवळजवळ मिटतो. ‘वेळेनुसार’ हा पर्याय असेल तर रात्री ११ ते पहाटे ५ बंद ठेवावे, कारण झोपलेल्या माणसाला घड्याळ दिसत नाही आणि माझ्या मोजणीत त्या सहा तासांचे साडेतीन टक्क्यांहून जास्त वाचतात. चार्जर हाताशी नसलेल्या प्रवासात, उदाहरणार्थ दुर्गहून सुटीच्या गाडीत बसताना, ते पूर्ण बंद करणे योग्य. रोजच्या दिवसात ५ टक्के देऊन ही सोय हवी की नको, हे ज्याचे त्याने ठरवावे. बाबांनी हवी असे ठरवले. पाळीवर निघताना चष्मा न शोधता टेबलावरच्या फोनवर वेळ दिसते, एवढे कारण त्यांना पुरले.