गोळी, पाऊच आणि सकाळची कॉफी

म्हैसूरहून हुणसूर आणि पिरियापट्टणच्या दिशेने निघालं की व्हर्जिनिया तंबाखूची शेतं आणि पानं वाळवायच्या भट्ट्या लागतात. सिगारेटमध्ये जाते ती ही तंबाखू. अग्रहारातल्या औषधाच्या दुकानात सिगारेट सोडण्यासाठी जी निकोटिनची गोळी मिळते, तिच्यातलं निकोटिनही सहसा तंबाखूच्याच पानातून काढलेलं असतं. मग ‘एक विष सोडायला तेच विष घ्यायचं?’ असा प्रश्न घरातली वडीलधारी माणसं विचारतात, आणि तो रास्त आहे. सवय लावतं ते निकोटिन, पण फुप्फुसाचा कर्करोग मुख्यतः धुरातल्या इतर रसायनांमुळे होतो. निकोटिन निरुपद्रवी नाही, त्याने नाडी आणि रक्तदाब वाढतो. तरी धूर वगळून नुसतं निकोटिन मोजून द्यायचं आणि मग तेही कमी करत न्यायचं, असा या गोळीचा हिशेब आहे.

अलीकडे या गोळीशेजारी आणखी दोन नावं ऐकू येतात. परदेशातून सुट्टीवर आलेला मुलगा खिशातून गोल डबी काढतो आणि छोटी पांढरी पिशवी वरच्या ओठाखाली ठेवतो. हा निकोटिन पाऊच. दुसरं नाव स्वीडनच्या स्नूसचं. दिसायला दोन्ही जवळजवळ सारखे, पण स्नूसमध्ये खरी तंबाखू असते: दळलेली, मीठ-पाणी घालून वाफेच्या उष्णतेने तापवलेली. या तापवण्याने जंतू मरतात, आणि जंतूंमुळे तयार होणारी नायट्रोसामाइन्स ही कर्करोगकारक रसायनं त्यात बरीच कमी राहतात. पाऊचमध्ये तंबाखूचं पान नसतंच. वनस्पतीच्या तंतूंची भुकटी, निकोटिनचा क्षार, गोडी आणि पुदिन्यासारखा स्वाद हा त्यातला मुख्य ऐवज.

स्वीडनचं उदाहरण आपल्याकडे फार सैलपणे दिलं जातं. तिथे पुरुषांनी सिगारेट टाकून स्नूस धरला आणि फुप्फुसाचा कर्करोग घटला, हे खरं. युरोपीय संघाने १९९२ मध्ये स्नूसवर बंदी घातली आणि १९९५ मध्ये सामील होताना स्वीडनने त्यातून सूट मिळवली, हेही खरं. पण म्हणून ‘सिगारेटपेक्षा तंबाखूचा बार बरा’ असा अर्थ काढणं घातक आहे. आपली खैनी, मिश्री, गुटखा म्हणजे स्नूस नव्हे. त्यांत नायट्रोसामाइन्स कितीतरी जास्त असतात, आणि तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण भारतात इतके का, याचं मोठं कारण तिथेच आहे.

आता खरी गंमत चुन्याची. तंबाखू मळताना चुना का लावतात? नुसत्या झणक्यासाठी नव्हे. निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून रक्तात शिरतं ते भोवतालची लाळ अल्कलीधर्मी असेल तेव्हाच. आम्ल वातावरणात ते जागच्या जागी अडकतं. चुना ते काम करतो. स्नूस, पाऊच आणि औषधी गोळी या तिघांतही त्यासाठी सोडियम कार्बोनेटसारखा एखादा क्षार असतोच. आणि म्हैसुरात ही गोळी फसते ती नेमकी इथे, कारण कॉफी आम्ल असते.

समजा, अग्रहारातले एक काका रोज पंधरा सिगारेटी ओढतात. उठल्यावर पाव तासात फिल्टर कॉफी आणि तिच्यासोबत पहिली सिगारेट. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली पेटत असेल, तर ओढ तीव्र समजतात आणि ४ मिलिग्रॅमची गोळी देतात. त्यानंतर पेटत असेल, तर २ मिलिग्रॅम पुरते. आपल्याकडे २ मिलिग्रॅम चिठ्ठीशिवाय मिळत आली आहे, ४ ला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. चिठ्ठीचा कंटाळा म्हणून काकांनी २ ची गोळी घेतली आणि कॉफीचा घोट घेत चघळली, तर निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, तिथून यकृतात, आणि रक्तात पोचण्याआधीच बरंचसं मोडतं. वर उचकी आणि जळजळ. मग काका म्हणतात, ‘हे काही कामाचं नाही.’

योग्य रीत अशी. गोळीआधी पंधरा मिनिटं आणि गोळी तोंडात असताना काहीही खायचं-प्यायचं नाही. म्हणजे कॉफी आधी, मग थांबा, मग गोळी. ती चावायची नाही, गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून अधूनमधून बाजू बदलायची. वीस-तीस मिनिटांत ती विरघळते. सिगारेटचं निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचतं, गोळीचं हळूहळू चढतं. म्हणून तलफ अंगावर आल्यावर धावाधाव करण्याऐवजी ती ठरलेल्या वेळी घ्यायची: पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दोन-चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे चार-आठ तासांनी. दिवसाला वीसच्या वर नाहीत. सुरुवातीलाच काटकसर करून दिवसभरात चार-पाच गोळ्या घेणारे बहुधा परत सिगारेटकडे जातात. चिडचिड आणि तलफ कायम असेल तर मात्रा कमी पडते आहे. मळमळ, छातीत धडधड असेल तर जास्त होते आहे, किंवा गोळी घाईने चोखली जाते आहे.

कॉफीची आणखी एक भानगड आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफीन भराभर मोडतं. धूर बंद झाला की तो वेग उतरतो, आणि तेवढ्याच कपांत रक्तातलं कॅफीन चढतं. झोप उडते, हात थरथरतात, आणि दोष गोळीवर येतो. तेव्हा पहिल्या आठवड्यातच कॉफी निम्मी करावी. दम्यासाठी थिओफिलिन घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना आधीच सांगावं, कारण त्या औषधाचंही असंच होतं. गरोदरपणात किंवा नुकताच हृदयविकाराचा झटका आला असेल तर विचारल्याशिवाय गोळी सुरू करू नये.

गोळीने किती फरक पडतो? निकोटिन देणाऱ्या औषधांवरच्या शंभराहून अधिक चाचण्या एकत्र पाहिल्या, तर यशाची शक्यता निम्म्याहून थोडी अधिक वाढते. म्हणजे शंभरांतले दहा जण औषधाविना सुटले असते, तर औषधाने साधारण पंधरा. जादू नाही, पण पाच माणसं कमी नव्हेत. अंगावर लावायची पट्टी आणि गोळी एकत्र वापरली तर आकडा आणखी सुधारतो.

पाऊचबद्दल असा पुरावा अजून नाही. चाचण्या मोजक्या, छोट्या आणि थोड्या काळाच्या. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ‘झिन’ या पाऊचच्या वीस प्रकारांना विक्रीची परवानगी दिली, पण सिगारेट सोडवणारं औषध म्हणून नव्हे. सिगारेट पूर्ण टाकून पाऊच धरणाऱ्याची हानी घटेल, हे मानायला जागा आहे. अडचण अशी, की बरेच जण दोन्ही चालू ठेवतात. शिवाय डबीवरचा आकडा फसवतो: ६ मिलिग्रॅम लिहिलं असलं तरी पाऊच काढून टाकताना त्यातलं बरंच निकोटिन आत उरतं, आणि काही ब्रँडची मात्रा याहून कितीतरी जास्त असते. गोळीसोबत बारा आठवड्यांत उतरायची पायरी दिलेली असते, डबीसोबत सहसा नसते. ज्याने कधी सिगारेट ओढलीच नाही, त्या विशीतल्या पोराला पुदिन्याच्या चवीचा पाऊच म्हणजे निव्वळ नवी सवय.

पाऊच आधीच चालू असेल आणि तोच सोडायचा असेल, तर मात्रा उतरवायची आणि दोन पाऊचमधलं अंतर वाढवायचं, हाच मार्ग. हे सगळं एकट्याने जमत नसेल तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेला फोन करता येतो, फुकट. क्रमांक १८००-११-२३५६. २०१८ पासून तो सिगारेटच्या पाकिटावर छापलेला असतो.