चाळीसपैकी चार

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या एका विद्यार्थिनीचं पत्र आलं. एम.एस.डब्ल्यू.चं दुसरं वर्ष. तिचा विषय होता ‘आशा स्वयंसेविकांवरील मानसिक ताण’. पत्र चारच ओळींचं होतं: “आदरणीय मॅडम, पायलटमध्ये चाळीस जणींना गूगल फॉर्म पाठवला, चारच उत्तरं आली. या विषयाला प्रतिसाद मिळत नाही. तरी मला ‘महाविद्यालयीन विद्यार्थी व समाजमाध्यमांचा वापर’ हा विषय बदलून द्यावा, ही विनंती.”

अशी पत्रं दर वर्षी येतात, आणि घाबरलेल्या मुलाला सोपा विषय देऊन टाकणं गाईडलाही सोयीचं असतं. मी तिला बोलावून घेतलं. तिच्या पत्रात एक आकडा होता, त्यामागचं कारण मात्र नव्हतं. पायलट घ्यायचा तोच मुळी अडचण कुठे आहे ते कळावं म्हणून. प्रश्न समजतात का, लोक भेटतात का, उत्तर द्यायला किती वेळ लागतो, हे मोठ्या कामाआधी थोडक्यात तपासायचं. चारच उत्तरं आली म्हणजे पायलट फसला असं नाही. त्यानं काहीतरी सांगितलंय, ते ऐकायचं राहिलंय.

आधी आम्ही हिशेब मांडला. चाळीसपैकी चार म्हणजे दहा टक्के. पण इतक्या छोट्या संख्येवरून “दहा टक्के प्रतिसाद मिळेल” असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. संख्याशास्त्राच्या नेहमीच्या रीतीनं काढलं, तर खरा प्रतिसाद साधारण ४ ते २३ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. तिला १२० उत्तरं हवी होती. ग्रामीण भागात साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा असते. तिच्या दोन तालुक्यांत मिळून चारशेच्या आसपास. म्हणजे सगळ्यांना फॉर्म पाठवला आणि नशीब अगदी जोरावर असलं, तरी ९२ उत्तरं. तेवढ्या एका आकडेमोडीनं हे नक्की झालं की या फॉर्मवर हा अभ्यास उभा राहणार नाही. विषय उभा राहील की नाही, हे त्यातून कळत नव्हतं.

त्यासाठी मी तिला फॉर्म न भरलेल्या पाच जणींना फोन करायला सांगितलं. गूगल फॉर्ममध्ये अर्धवट सोडलेली उत्तरं आपल्याला दिसत नाहीत. कुणी लिंक उघडलीच नाही आणि कुणी सातव्या प्रश्नावर थांबलं, दोन्ही आपल्याकडे कोरंच येतं. विचारल्याशिवाय कळायचं नाही.

दोन दिवसांनी ती वही घेऊन आली. पहिली गोष्ट अगदी साधी निघाली. एकीनं दोनदा फॉर्म भरू नये म्हणून तिनं ‘एका व्यक्तीचं एकच उत्तर’ हे सेटिंग चालू ठेवलं होतं. ते चालू असलं की फॉर्म गूगल खात्यात लॉगिन व्हायला सांगतो. दोघींच्या फोनवर खातं मुलाच्या नावाचं होतं आणि पासवर्ड त्यालाच ठाऊक.

दुसरी गोष्ट जड होती. फॉर्मची लिंक गेली होती गटप्रवर्तक बाईंच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून. गटप्रवर्तक म्हणजे आशांच्या कामावर देखरेख करणारी. दुसऱ्या प्रश्नात गावाचं नाव विचारलं होतं आणि सातव्यात, “वरिष्ठांकडून अपमानास्पद वागणूक मिळते का?” एका गावात बहुधा एक-दोनच आशा असतात. गाव लिहिलं की नाव लिहिल्यासारखंच. एक बाई फोनवर म्हणाल्या, “आधी गाव लिहून घेता आणि मग मॅडमबद्दल विचारता. आम्ही काय लिहावं?” नाव गुप्त राहील असं फॉर्मच्या वरच छापलं होतं, पण दुसरा प्रश्न ते खोटं पाडत होता.

आणि ज्या चौघींनी उत्तरं दिली, त्या कोण? चौघीही पस्तिशीच्या आतल्या, पदवीधर, स्वतःचा स्मार्टफोन असलेल्या. चौघींनीही ताण “कमी” लिहिला होता. धोका इथे आहे. प्रतिसाद कमी आला म्हणून अभ्यास वाया जातो असं नाही. पण उत्तर देणारे आणि न देणारे वेगळ्या तऱ्हेचे असले, तर आलेली उत्तरं दिशाभूल करतात.

या चुकीचा प्रसिद्ध दाखला अमेरिकेतला आहे. १९३६ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकानं सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालानं पाठवल्या. तेवीस लाखांच्या वर परत आल्या. त्यावरून त्यांनी लँडन जिंकणार असं जाहीर केलं, आणि रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत निवडून आले. मतपत्रिका मुख्यतः टेलिफोन आणि मोटारी असलेल्यांच्या याद्यांवरून गेल्या होत्या, हे कारण सगळे सांगतात. त्याच्याइतकंच दुसरंही कारण होतं: मतपत्रिका मिळूनही ज्यांनी ती परत पाठवली नाही, त्यांच्यात रूझवेल्टचे मतदार जास्त होते. तेवीस लाखांना जे वाचवता आलं नाही, ते चारांना किंवा चाळिसांना कसं वाचवणार?

मग मी तिला पत्र पुन्हा लिहायला सांगितलं. नोंदवलेलं शीर्षक बदलायचं म्हणजे गाईडची सही पुरत नाही. विभागाची संशोधन समिती ते पाहते, आणि माणसांशी संबंधित अभ्यास असल्यानं नैतिकता समितीकडून सुधारित मंजुरी घ्यावी लागते. त्यांना हवं असतं ते असं: किती जणींकडे पोचलो, किती उत्तरं आली, कोणाची आली, का आली नाहीत, काय करून पाहिलं, आणि आता नेमकं काय बदलायचंय.

तीन खर्डे झाले. पहिल्यात माफीच जास्त होती, ती काढायला लावली. दुसऱ्यात “प्रतिसाद असमाधानकारक” असं होतं. त्याजागी आकडे आले. तिसऱ्याचा मधला भाग असा:

“दि. २ ते १२ डिसेंबर या काळात ४० आशा स्वयंसेविकांना ऑनलाइन प्रश्नावली पाठवली व एकदा आठवण केली. ४ उत्तरे आली. उत्तर न दिलेल्या पाच जणींशी फोनवर बोलल्यावर लॉगिनची अडचण आणि ओळख उघड होण्याची भीती ही कारणे समोर आली. भीतीचे कारण प्रश्नावलीच्या रचनेत व ती पाठवण्याच्या मार्गात असल्याने केवळ पुन्हा आठवण करून प्रतिसाद वाढेल असे वाटत नाही. तरी ताणाचे मोजमाप करण्याऐवजी ‘काम केल्यापासून मोबदला हाती येईपर्यंतचा आशा स्वयंसेविकांचा अनुभव’ हा विषय घेऊन सुमारे १८ प्रत्यक्ष मुलाखती घेण्याची परवानगी मिळावी. संपर्क गटप्रवर्तकांमार्फत केला जाणार नाही. गावाचे नाव नोंदवले जाणार नाही. पायलटची चार उत्तरे मुख्य अभ्यासात मिसळली जाणार नाहीत, परंतु पायलटची हकीकत लघुप्रबंधात दिली जाईल.”

मोबदल्याचा विषय तिच्या मनात फोनवरच्या बोलण्यातून आला. आशांना कामागणिक मोबदला मिळतो, आणि पाचपैकी चार जणींनी न विचारता त्याचीच गोष्ट काढली होती. विषय बदलला, पण माणसं तीच राहिली आणि दोन महिन्यांचं वाचनही कामी आलं. समाजमाध्यमांकडे वळली असती तर तेवढं सगळं पाण्यात गेलं असतं, शिवाय वर्गातल्याच पोरांकडून फॉर्म भरून घेऊन तीच चूक दुसऱ्या रूपात झाली असती.

यात हातचं गेलंही. अठरा मुलाखतींवरून “इतके टक्के आशांना ताण आहे” असं म्हणता येणार नाही. समितीनं नेमकं तेच विचारलं. तिनं पत्राचं शेवटचं वाक्य वाचून दाखवलं: “या अभ्यासातून प्रमाण सांगता येणार नाही, उशीर कोणत्या टप्प्यावर होतो व बाई तो कसा निभावते, एवढेच सांगता येईल.” समितीनं शीर्षकातला ‘स्वयंसेविकांचा’ हा शब्द ‘निवडक स्वयंसेविकांचा’ असा करायला सांगितला आणि मंजुरी दिली.

पहिली मुलाखत जानेवारीत झाली, फोनवर “आम्ही काय लिहावं?” म्हणालेल्या बाईंची. दीड तास बोलल्या. मधेच उठून आतून एक दोनशे पानी वही घेऊन आल्या. डाव्या बाजूला काम केल्याची तारीख होती, उजव्या बाजूला पैसे आल्याची. उजवीकडच्या बऱ्याच ओळी कोऱ्या होत्या.