विहिरीभोवतीचे पाचशे मीटर

महाराष्ट्रात 1993 साली पिण्याच्या पाण्यासाठी भूजलाचे नियमन करणारा कायदा झाला. सार्वजनिक पाणवठ्यापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर खणता येणार नाही, असे बंधन त्यात होते. कागदावर नियम सोपा आहे. पण हीच हद्द उपग्रहाच्या चित्रावर संगणकाकडून आखून घ्यायची म्हटली, की पहिला प्रश्न येतो तो ‘500 मीटर’ मोजायचे कसे याचा. चित्र म्हणजे चौकोनी ठिपक्यांची जाळी, आणि या जाळीवर अंतर मोजण्याच्या तीन रीती रूढ आहेत. प्रत्येक रीतीने विहिरीभोवती वेगळ्याच आकाराची हद्द उमटते.

युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहाच्या चित्रात, त्याच्या सर्वांत बारीक पट्ट्यांमध्ये, एक ठिपका म्हणजे एक पिक्सेल जमिनीवरचा 10 मीटर लांबी-रुंदीचा चौकोन असतो. म्हणजे आपले 500 मीटर झाले 50 पिक्सेल. गावाची विहीर एका पिक्सेलमध्ये आहे असे धरू आणि तिथून तिन्ही रीतींनी मोजू.

पहिली रीत सिटी ब्लॉक अंतराची. मॅनहॅटनच्या काटकोनी रस्त्यांवरून चालताना इमारतींमधून तिरके जाता येत नाही, तसे इथे फक्त पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर सरकायचे आणि दोन्हींची बेरीज करायची. दुसरी चेसबोर्ड अंतराची. पटावरचा राजा एका चालीत तिरकाही जातो, म्हणून आडवा फरक आणि उभा फरक यांतला जो मोठा, तेच अंतर. तिसरी युक्लिडीय, म्हणजे शाळेतल्या पायथागोरसची: दोन्ही फरकांचे वर्ग, त्यांची बेरीज, तिचे वर्गमूळ. एखादा पिक्सेल 3 घरे पूर्वेला आणि 4 घरे उत्तरेला असेल, तर ही अंतरे अनुक्रमे 7, 4 आणि 5 येतात.

आता मूळ विहिरीपासून 300 मीटर पूर्वेला आणि 300 मीटर उत्तरेला कोणी नवी विहीर खणायला घेतली आहे असे समजू. जमिनीवरचे सरळ अंतर सुमारे 424 मीटर, म्हणजे ती हद्दीच्या आत आहे. पण सिटी ब्लॉक रीत म्हणते 600 मीटर, आणि विहीर हद्दीबाहेर जाते. दुसरी विहीर 300 मीटर पूर्वेला आणि 450 मीटर उत्तरेला घ्या. खरे अंतर सुमारे 541 मीटर, म्हणजे ती बाहेर असायला हवी. चेसबोर्ड रीत मात्र 450 मीटर सांगते आणि त्या शेतकऱ्याला विनाकारण अडवते.

याचे कारण आकारात आहे. एका पिक्सेलपासून 50च्या आत येणारे सगळे पिक्सेल रंगवले, तर चेसबोर्ड रीतीने अक्षांना समांतर असा पूर्ण चौरस उमटतो. सिटी ब्लॉक रीतीने टोकावर उभा केलेला चौरस, पत्त्यातल्या चौकटसारखा. युक्लिडीय रीतीने कडेला पायऱ्या पडलेले वर्तुळ. चौरसात 10,201 पिक्सेल मावतात, म्हणजे सुमारे 102 हेक्टर. चौकटीत 5,101, म्हणजे 51 हेक्टर. 500 मीटर त्रिज्येच्या खऱ्या वर्तुळाचे क्षेत्र साडेअठ्ठ्याहत्तर हेक्टर असते आणि युक्लिडीय आकार त्याच्या अगदी जवळ येतो. चौरसाचा कोपरा 707 मीटरवर पोहोचतो, तर चौकटीची कड तिरक्या दिशेत 354 मीटरवरच थांबते. सरळ पूर्वेला किंवा उत्तरेला तिन्ही रीती एकच उत्तर देतात. म्हणून नेमक्या त्याच दिशांना तपासून पाहणाऱ्याला चूक सापडत नाही.

लहान आकड्यांतही ती लपते. त्रिज्या 1 किंवा 2 असेल तर सिटी ब्लॉक आणि युक्लिडीय शेजार तंतोतंत सारखे असतात, आधी 5 आणि मग 13 पिक्सेलांचे. त्रिज्या 3 झाली की वर्तुळात चार जास्तीचे पिक्सेल येतात आणि वाटा वेगळ्या होतात.

मग सगळीकडे युक्लिडीयच का वापरत नाहीत? कारण पहिल्या दोन रीती संगणकाला फार स्वस्त पडतात. 1966 साली अझ्रिएल रोझेनफेल्ड आणि जॉन फाल्ट्झ यांनी दाखवले, की चित्रावरून फक्त दोनदा फिरून प्रत्येक पिक्सेलचे अंतर काढता येते. विहिरीला 0 लिहायचे, बाकी सगळीकडे फार मोठा आकडा. पहिल्या फेरीत वरच्या डाव्या कोपऱ्यातून निघायचे आणि प्रत्येक घरी वरचा आणि डावीकडचा आकडा पाहून, त्यांतल्या लहानात 1 मिळवून तो स्वतःच्या आकड्यापेक्षा लहान असेल तर लिहायचा. दुसरी फेरी खालच्या उजव्या कोपऱ्यातून उलटी. विहिरीजवळचा तुकडा असा दिसतो:

```
4 3 2 3 4
3 2 1 2 3
2 1 0 1 2
3 2 1 2 3
4 3 2 3 4
```

तिरके शेजारीही पाहिले की याच पद्धतीने चेसबोर्ड अंतर मिळते. वर्गमूळ असे शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे 1 मिळवत पुढे जात नाही, म्हणून युक्लिडीय अंतराला जास्त हिशेब ठेवावा लागतो.

मधला मार्ग स्वीडनच्या गुनिला बोर्गेफोर्स यांनी 1980च्या दशकात मांडला आणि मला तो फार देखणा वाटतो. सरळ पावलाला 3 द्यायचे, तिरक्या पावलाला 4, आणि शेवटी 3ने भागायचे. मघाचा 3 आणि 4 घरांचा पिक्सेल घ्या. तीन तिरकी पावले म्हणजे 12, एक सरळ म्हणजे 3, एकूण 15, भागिले 3 म्हणजे बरोबर 5. मात्र शुद्ध तिरक्या दिशेत हे अंतर सुमारे 6 टक्के कमी येते, आणि उमटणारा आकार वर्तुळाऐवजी अष्टकोन असतो.

शेजाराच्या व्याख्येचा परिणाम अंतरापुरता राहत नाही. तिरका वाहणारा, एका पिक्सेलच्या रुंदीचा ओढा घ्या. चारच शेजारी मानले, तर त्याचे पिक्सेल एकमेकांना फक्त कोपऱ्यात टेकलेले असल्याने संगणक प्रत्येकाला वेगळे डबके समजतो. आठ शेजारी मानले की ओढा अखंड होतो. पण काठच्या जमिनीलाही आठच शेजारी दिले, तर त्याच कोपऱ्यांतून दोन्ही काठ एकमेकांना जोडले जातात. म्हणून ओढ्याला आठ तर जमिनीला चार, असे उलटसुलट ठेवतात.

तुमच्या हाती असा नकाशा आला, तर हद्दीचा आकार बघा. चौरस, चौकट किंवा अष्टकोन दिसला तर अंतराची रीत बदलून घ्या. MATLABच्या `bwdist`मध्ये काही न सांगता युक्लिडीय अंतरच मिळते. OpenCVमध्ये `DIST_L2` निवडून त्यासोबत `DIST_MASK_PRECISE` द्यावे लागते, नाहीतर उत्तर अंदाजी येऊ शकते. आणि एवढे करूनही मोजणी पिक्सेलच्या मध्यापासून मध्यापर्यंतच होते. प्रत्यक्ष विहीर त्या मध्यापासून 7 मीटरपर्यंत सरकलेली असू शकते, दुसऱ्या विहिरीचेही तेच. तेव्हा चित्रावरचे अंतर 486 ते 514 मीटरच्या दरम्यान आले, तर त्यावरून निकाल देऊ नये. तिथे जाऊन जमिनीवर मोजणी करावी.