डाउनलोड्समधल्या जड फायली

विंडोजमध्ये डाउनलोड्स फोल्डर उघडून शोधचौकटीत `size:>1GB` लिहिले, की सगळ्या मोठ्या फायली समोर येतात. त्यांत हमखास एखादी `ubuntu-24.04.1-desktop-amd64.iso` सापडते. उबंटू बसवण्यासाठी उतरवलेली ही फाइल सुमारे ६ जीबी जागा व्यापते. पेनड्राइव्ह तयार होऊन संगणकावर उबंटू बसले, की तिचे काम संपते. बसवलेली प्रणाली या फायलीवर अवलंबून नसते.

तरीही पुसण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात.

पहिली, ती सध्या वापरात आहे का? विंडोज १० किंवा ११ मध्ये आयएसओवर दोनदा क्लिक केले, की ती डीव्हीडी ड्राइव्हसारखी जोडली जाते. ‘धिस पीसी’मध्ये असा ड्राइव्ह दिसला, तर त्यावर उजवे क्लिक करून ‘इजेक्ट’ निवडावे. व्हर्च्युअलबॉक्स वापरणाऱ्यांनी त्यातली माध्यमांची यादी पाहावी. तिथली `.vdi` फाइल मात्र दिसायला तशीच असली, तरी ती आभासी संगणकाची हार्डडिस्कच असते. ती पुसली, तर आतले सगळे काम जाते.

दुसरी, ती पुन्हा मिळेल का? उबंटूच्या जुन्या आवृत्त्याही अधिकृत संकेतस्थळावर राहतात. पण बंद पडलेल्या कंपनीच्या स्कॅनरची सेटअप झिप किंवा स्वतःच्या जुन्या सीडीची प्रतिमा कदाचित दुसरीकडे कुठेच नसेल. अशी फाइल बाहेरच्या डिस्कवर हलवावी, तिथून एकदा उघडून पाहावी आणि मगच मूळ प्रत काढावी.