मान्य आहे, पण नेमकं काय?

मोबाईलवर किंवा संगणकावर एखाद्या संस्थेकडे नाव नोंदवायला गेलं, की शेवटी एक लहानसा चौकोन येतो. त्याच्यापुढे लिहिलेलं असतं, की वापराच्या अटी आणि गोपनीयता धोरण मी वाचलं असून मला ते मान्य आहे. बहुतेक जण न वाचताच त्या चौकोनात खूण करून पुढे जातात. मला मात्र तसं जाता येत नाही, कारण हे कागद इंग्रजीतून मराठीत आणणं हे माझं रोजचं काम आहे. त्या कामात एका वाक्यानं मला कसं अडवलं, ते आज सांगायचं आहे.

एका तालुक्याच्या गावच्या पतसंस्थेनं स्वतःचं संकेतस्थळ काढलं. दोन्ही कागद इंग्रजीत तयार होते आणि सभासद मराठी वाचणारे. मी मसुदा केला आणि माझ्या सवयीप्रमाणे, इंग्रजी मूळ न पाहिलेल्या एका वाचकाच्या हाती दिला. या वेळी त्या शिवणकामाचं दुकान चालवणाऱ्या बाई होत्या. दुकान त्यांनी मैत्रिणीबरोबर भागीदारीत काढलेलं. वाचता वाचता त्या एका वाक्यापाशी थांबल्या. वाक्य असं होतं : "आम्ही आपली माहिती आपल्या भागीदारांना देऊ शकतो."

बाई म्हणाल्या, "म्हणजे माझ्या खात्यात किती पैसे आहेत, ते तुम्ही माझ्या भागीदारणीला सांगणार?"

मला हसू आलं, पण क्षणभरच. मराठीच्या दृष्टीनं बाईंचं वाचन अगदी बरोबर होतं. चूक माझी होती, आणि एकाच वाक्यात मी ती तीनदा केली होती.

पहिली चूक 'आपली' या शब्दाची. आदरानं बोलायचं म्हणून आपण समोरच्याला 'आपण' म्हणतो आणि त्याच्या वस्तूला 'आपली'. पण मराठीत 'आपली' म्हणजे कर्त्याची स्वतःचीही असते. 'त्यानं आपली छत्री आणली' यात छत्री त्याचीच. त्यामुळे 'आम्ही आपली माहिती' यात माहिती आमची, की तुमची, हे वाक्यावरून ठरत नाही. शिवाय 'आपण' म्हणजे तुम्ही आणि मी दोघे मिळून, असाही अर्थ आहेच. पत्रिकेत किंवा आभाराच्या पत्रात हा शब्द शोभतो. कोणाची माहिती कोणाला जाणार, हे ठरवणाऱ्या कागदात मात्र तो घात करतो. त्या दिवसापासून माझ्या मसुद्यात पतसंस्था म्हणजे 'आम्ही' आणि वाचक म्हणजे 'तुम्ही'. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत यात बदल नाही. 'तुम्ही' हे अनेकवचन पुरेसं आदराचं आहे. त्यात बाई की पुरुष हा प्रश्नही बहुतेक वाक्यांत उरत नाही.

दुसरी चूक 'भागीदार'. इंग्रजीतल्या 'पार्टनर'चा हा सरळ प्रतिशब्द. पण आपल्याकडे भागीदार म्हणजे धंद्यातल्या नफ्यातोट्याचा वाटेकरी, आणि १९३२च्या भागीदारी कायद्यात त्याला ठरावीक अर्थ आहे. गोपनीयता धोरणातला 'पार्टनर' बहुधा असा नसतो. ती असते संस्थेशी करार केलेली दुसरी कंपनी.

तिसरी चूक 'देऊ शकतो'. इंग्रजीत तिथे 'मे' होतं. 'देण्याची आम्हाला क्षमता आहे', 'कधीतरी देण्याची शक्यता आहे' आणि 'देण्याचा आम्हाला अधिकार आहे', हे तिन्ही अर्थ 'देऊ शकतो' मध्ये बसतात. वाचकाला सगळ्यात जास्त फरक पडतो तो तिसऱ्या अर्थानं, आणि तोच सगळ्यात झाकलेला राहतो.

आता प्रश्न दुरुस्तीचा. अनुवादकाला इथे मोह होतो, की आपल्याला समजलं तसं सोपं करून लिहावं. ते करायचं नसतं. मूळ मोघम असेल, तर स्वतःच्या अंदाजानं ते नेमकं करण्याचा अधिकार अनुवादकाला नाही. तो अधिकार ज्याचा करार आहे त्याचा. म्हणून मी संस्थेला लेखी तीन प्रश्न पाठवले : हे भागीदार कोण, कोणती माहिती त्यांना जाते, आणि कशासाठी? उत्तर आलं, की दोनच कंपन्या आहेत. एक संस्थेच्या वतीनं खातेदारांना मोबाईलवर संदेश पाठवते, दुसरी विमा विकते. पहिलीला मोबाईल क्रमांक द्यावाच लागतो. दुसरीला तो खातेदाराला विचारल्याशिवाय द्यायचा नव्हता, पण इंग्रजी मसुद्यात हा भेदच नव्हता. तो बहुधा दुसऱ्या कुठल्या तरी संस्थेच्या कागदावरून उतरवला असावा.

संस्थेच्या वकिलांनी मग आधी इंग्रजी वाक्य बदललं आणि त्यावरून मराठी असं झालं : "व्यवहाराचे संदेश पाठवण्यासाठी आम्ही तुमचा मोबाईल क्रमांक संदेशसेवा देणाऱ्या कंपनीला देतो. तुम्ही वेगळी संमती दिली असेल तरच आम्ही तुमचे नाव व मोबाईल क्रमांक विमा कंपनीला देऊ." एकाची दोन वाक्यं झाली. कायदेशीर भारदस्तपणा त्यानं कमी झाला, असं मला वाटत नाही. दुकानवाल्या बाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, "मग विम्याचं मला नको."

या दुसऱ्या वाक्यात 'संमती' हा शब्द आला आहे, आणि तोही जपून वापरावा लागतो. मराठीत आपल्याकडे मान्यता, स्वीकार, सहमती, संमती, अनुमती, परवानगी असे कितीतरी शब्द आहेत. निबंधात तोच शब्द पुन्हा येऊ नये म्हणून आपण ते आलटून पालटून वापरतो, आणि शाळेत त्याचं कौतुकही होतं. करारात शब्द बदलला, की वाचक अर्थही बदलला असं धरतो, आणि न्यायालयातही तसा वाद घालता येतो. म्हणून मी काम सुरू करण्यापूर्वी एका वहीत तीन रकाने आखते : इंग्रजी शब्द, ठरवलेला मराठी शब्द, आणि त्याऐवजी कोणता शब्द वापरायचा नाही. दोन्ही कागदांना मिळून चाळीसेक शब्द पुरतात. भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश यासाठी जवळ असावा. पण कोशात एका शब्दापुढे चार पर्याय असतात, आणि त्यातला एक निवडून शेवटपर्यंत पाळणं हे आपलंच काम.

माझ्या वहीत वापराच्या अटींचा 'स्वीकार' असतो, माहिती वापरू देण्याची 'संमती' असते, आणि मोबाईलचा कॅमेरा किंवा ठिकाण वापरायला 'परवानगी' असते. या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. 'मी सहमत आहे' असं एकच बटण ठेवलं, की तिन्हींची सरमिसळ होते. म्हणून बटणावरचे शब्दही वहीतूनच घ्यायचे. कागदात 'संमती मागे घेणे' आणि पडद्यावर 'परवानगी रद्द करा', असं असेल, तर माणूस ती सोय शोधतच राहतो. त्याच वहीत 'मेंबर'पुढे 'नोंदणी केलेली व्यक्ती' असं लिहिलं आहे आणि 'सभासद' नको असं बजावलं आहे. पतसंस्थेत सभासद म्हणजे भाग घेतलेला, मतदानाचा हक्क असलेला माणूस. संकेतस्थळावर नाव नोंदवल्यानं कोणी तसा सभासद होत नाही.

क्रियापदांचंही असंच ठरवून घ्यावं लागतं. अधिकार असेल तिथे 'अट मोडल्यास खाते बंद करण्याचा आम्हाला अधिकार आहे'. शक्यता असेल तिथे 'देखभालीच्या वेळी सेवा बंद राहण्याची शक्यता आहे'. आणि मनाई असेल तिथे स्पष्ट 'मनाई आहे'. 'तुम्ही पासवर्ड दुसऱ्याला देऊ शकणार नाही' असं लिहिलं, तर वाचणाऱ्याला वाटतं, यंत्रच आपल्याला अडवील. यंत्र अडवत नाही. पासवर्ड पुतण्याला दिला जातो, आणि पुढे काही घोटाळा झाला की अट मोडल्याचा दोष खातेदाराकडे येतो.

आता कायदा याबाबत काय म्हणतो, तेही पाहू. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार, माहिती घेण्यापूर्वी द्यायची सूचना आणि संमतीची मागणी ही इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय माणसाला द्यावा लागतो. त्या बावीस भाषांत मराठी आहे. संमतीची मागणी स्पष्ट आणि साध्या भाषेत असावी, असंही तो कायदा सांगतो. नियम नोव्हेंबर २०२५मध्ये निघाले आणि या तरतुदींसाठी त्यांत अठरा महिन्यांची मुदत ठेवली आहे. मात्र एक मर्यादा ध्यानात घ्यावी : हे बंधन सूचना आणि संमतीपुरतं आहे. वापराच्या अटींचा सगळा कागद मराठीत असलाच पाहिजे, असं हा कायदा म्हणत नाही.

म्हणूनच शेवटी येणाऱ्या एका कलमाकडे मी वाचकाचं लक्ष मुद्दाम वेधते. मराठी आणि इंग्रजी यांत फरक आढळल्यास इंग्रजी ग्राह्य धरलं जाईल, असं ते कलम असतं. ते गाळता येत नाही. पण तळाशी बारीक अक्षरात ठेवण्याऐवजी पहिल्या पानावर वर घ्यावं, असा आग्रह धरता येतो. पतसंस्थेनं तो मानला. मराठी वाचून खूण करणाऱ्याला, आपण बांधले जातो ते कोणत्या कागदानं, हे खूण करण्याआधी कळायला हवं.

काम झालं, असं केव्हा म्हणायचं? मी तीन गोष्टी करते. वहीतला प्रत्येक नको असलेला शब्द संगणकावर शोधते, आणि एखादा निसटलेला सापडतोच. मग कलमांच्या अक्षरांचे सगळे उल्लेख मुळाशी ताडून पाहते. कोणी अ, ब, क असे क्रम लावतो, कोणी क, ख, ग असे. दोघांनी एकाच कागदावर काम केलं, की 'उपकलम क' म्हणजे पहिलं की तिसरं, हे कळेनासं होतं. शेवटी मूळ न पाहिलेल्या वाचकाला बसवून विचारते : तुमची कोणती माहिती, कोणाकडे, कशासाठी जाईल? आणि नको असेल तर तुम्ही काय कराल? 'भाषा समजली का' असं विचारत नाही, कारण त्याला सगळेच हो म्हणतात.

पतसंस्थेचा कागद तयार झाला, तेव्हा त्या बाईंना मी हेच प्रश्न पुन्हा विचारले. तिन्ही उत्तरं बरोबर आली. चौथ्याला त्या म्हणाल्या, "नको असेल तर खूण करणार नाही, आणि केली असेल तर 'संमती मागे घ्या' वर बोट ठेवीन." तो कागद मी त्याच दिवशी संस्थेकडे पाठवला.