संक्रांत सरकते, उत्तरायण नाही

पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली. तो दिवस संक्रांतीचा होता असे मराठी घरांत सर्रास सांगितले जाते, आणि ‘संक्रांत कोसळणे’ हा वाक्प्रचार त्या दिवसाशी जोडणारेही पुष्कळ आहेत. पण आकाशाचे गणित मांडले तर त्या वर्षी सूर्य मकर राशीत शिरला तो १० जानेवारीच्या आसपास. भाऊसाहेब आणि विश्वासराव रणात पडले तेव्हा संक्रांत उलटून तीन-चार दिवस झाले होते. शंभर वर्षांनी, १२ जानेवारी १८६३ रोजी, स्वामी विवेकानंदांचा जन्म झाला. त्यांचा जन्म संक्रांतीचा, ही नोंद मात्र अगदी बरोबर आहे. त्या साली संक्रांत १२ तारखेलाच होती. आज ती १४ किंवा १५ जानेवारीला येते.

संक्रांत अशी पुढे सरकत असताना वर्षातला सर्वांत लहान दिवस मात्र या साऱ्या काळात २१-२२ डिसेंबरलाच राहिला आहे. उत्तरायण खरे तर त्या दिवसापासून लागते. मुंबईत त्या दिवशी सूर्य अकरा तासांना मिनिटभर कमी इतकाच वेळ क्षितिजावर असतो, आणि संक्रांत येईपर्यंत दिवस सहा-सात मिनिटांनी मोठा झालेलाही असतो. तरी तो संक्रांतीपासून तिळातिळाने वाढतो असे वाटते, कारण मुंबईत सर्वांत उशिराचा सूर्योदय होतो जानेवारीच्या मध्यात. वाढलेला वेळ तोवर संध्याकाळच्या पदरात पडत असतो आणि पहाटेच्या अंधारात उठणाऱ्याला तो दिसत नाही.

दोन तारखांमधले हे अंतर समजायला पृथ्वीच्या दोन गती वेगळ्या ठेवाव्या लागतात. शाळेच्या भूगोलात त्यांना परिवलन आणि परिभ्रमण म्हणतात आणि परीक्षेच्या धांदलीत त्यांची हमखास अदलाबदल होते. भोवरा जागच्या जागी स्वतःभोवती फिरतो ते परिवलन. घाण्याचा बैल घाण्याभोवती चकरा मारतो ते परिभ्रमण, आणि बैलाच्या पायांनी जमिनीवर उमटलेली गोल वाट म्हणजे कक्षा. इंग्रजीत ‘ऑर्बिट’ हा एकच शब्द त्या वाटेलाही वापरतात आणि त्या वाटेवरून फिरण्यालाही. मराठीने दोहोंना वेगळी नावे दिली, हे फार सोयीचे झाले आहे.

पृथ्वीचे एक परिवलन २३ तास ५६ मिनिटांत पुरे होते. पण तेवढ्यात ती आपल्या कक्षेवर थोडी पुढे गेलेली असते, म्हणून तोच सूर्य पुन्हा डोक्यावर यायला आणखी चार मिनिटे लागतात. आपला २४ तासांचा दिवस असा दोन्ही गतींचा मिळून बनतो.

या भोवऱ्याचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. त्यामुळे वर्षभरात सूर्य कधी उत्तरेकडे, कधी दक्षिणेकडे गेलेला दिसतो. गच्चीवरून रोजचा सूर्योदय पाहणाऱ्याला हे सहज कळते. २०-२१ मार्चला आणि २२-२३ सप्टेंबरला सूर्य नेमका पूर्वेला उगवतो. हे विषुवदिन. डिसेंबरात तोच सूर्य मुंबईतून पाहिला तर पूर्वेपासून जवळजवळ २५ अंश दक्षिणेला उगवतो आणि तिथून परत फिरतो. तो अयनदिन, तसाच दुसरा २१ जूनला उत्तर टोकाशी येतो. या दिवसाला युरोपीय भाषांत जे नाव आहे, सॉल्स्टिस, त्याचा लॅटिन अर्थ सूर्याचे थबकणे. टोकाशी पोहोचल्यावर काही दिवस उगवतीची जागा हललेली कळत नाही, म्हणून ते नाव. अयन म्हणजे मात्र जाणे, चालणे. एका परंपरेने सूर्याचा थांबा पाहिला, दुसरीने त्याची वाटचाल.

विषुवदिनी दिवस-रात्र समसमान असतात, हे वाक्य थोडे सैल धरावे. सूर्याची वरची कड दिसली की सूर्योदय मानतात, शिवाय वातावरण किरणांना वाकवून सूर्याला थोडा वर उचलून दाखवते. म्हणून मुंबईत त्या दिवशी दिवस रात्रीहून लांब असतो. तो बारा तासांपेक्षा सुमारे सात मिनिटे जास्त भरतो.

विषुवदिन हा दिवस झाला. आकाशातल्या ज्या बिंदूपाशी सूर्य त्या दिवशी असतो, त्याला संपात म्हणतात. सूर्याचा वार्षिक मार्ग आणि आकाशातले विषुववृत्त तिथे एकमेकांना छेदतात. ग्रहणाच्या मुळाशीही अशीच एक छेदाछेदी आहे. चंद्राचा मार्ग सूर्याच्या मार्गाशी सुमारे पाच अंशांनी तिरका असून तो त्याला दोन ठिकाणी छेदतो. त्या बिंदूंना पात म्हणतात. राहू आणि केतू ही त्यांचीच नावे. अमावास्या किंवा पौर्णिमा यांच्या जवळपास घडली तरच ग्रहण होते, एरवी चंद्र सूर्याच्या किंवा पृथ्वीच्या सावलीच्या वरून-खालून निघून जातो. ग्रहण म्हणजे पकडणे. राक्षसाची कथा त्या शब्दात राहिली, पण ग्रहण सावलीमुळे होते हे आर्यभटाने ४९९ सालीच लिहून ठेवले होते.

राहू-केतू स्थिर नाहीत. साडेअठरा वर्षांहून थोड्या अधिक काळात ते आकाशाला उलटी फेरी घालतात, म्हणून ग्रहणांचे महिने सरकत राहतात. संपातही तसाच उलटा सरकतो, फक्त फार सावकाश. पृथ्वी विषुववृत्तापाशी थोडी फुगीर आहे. त्या फुगवट्याला सूर्य आणि चंद्र ओढतात आणि मंदावत्या भोवऱ्यासारखा तिचा आस डुलतो. एका डोलाला सुमारे २५,८०० वर्षे लागतात. हे संपातचलन.

अयनदिन संपाताशी बांधलेला आहे आणि इंग्रजी कॅलेंडरही ऋतूंशी, म्हणजे संपाताशीच जुळवलेले आहे. म्हणून अयनदिनाची तारीख जागेवर राहते. आपली पंचांगे रास मोजतात ती ताऱ्यांपासून, निरयन पद्धतीने. ताऱ्यांच्या संदर्भातले वर्ष ऋतूंच्या वर्षाहून सुमारे २० मिनिटांनी मोठे असते. वीस-वीस मिनिटे साठत गेली की साधारण ७१ वर्षांत एक दिवस होतो. पानिपतापासून आजवर अडीचशेहून अधिक वर्षे झाली, तेवढ्यात जवळपास चार दिवस जमले. अयनदिन आणि संक्रांत यांत आज सुमारे २४ दिवसांचे अंतर आहे. २४ ला ७१ ने गुणले की १७०० वर्षे होतात. म्हणजे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या अखेरीस दोन्ही एकाच दिवशी येत असत आणि संक्रांतीला उत्तरायण म्हणणे तेव्हा अक्षरशः खरे होते. आजची संक्रांत १४ आणि १५ तारखांमध्ये वर्षागणिक हेलकावते ते मात्र लीप वर्षामुळे. त्याचा या चलनाशी संबंध नाही.

आता राशींची सुरुवात नेमक्या कुठल्या ताऱ्यापासून धरायची? बहुतेक पंचांगे चित्रा ताऱ्याचा आधार घेतात. लोकमान्यांच्या नावाने चालणारे टिळक पंचांग रेवतीतला तारा धरते, आणि तेवढ्या फरकाने त्यातली संक्रांत चारेक दिवस आधी, १० जानेवारीच्या सुमारास येते. टिळकांना हा विषय जिव्हाळ्याचा होता. वसंतसंपात मृग नक्षत्रात होता तो काळ शोधून त्यांनी १८९३ मध्ये ‘ओरायन’ हा ग्रंथ लिहिला.

मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सुचवलेले राष्ट्रीय सौर कॅलेंडर मार्च १९५७ मध्ये लागू झाले. त्याने तारे सोडून संपात धरला. त्यातला १ चैत्र म्हणजे २२ मार्च, लीप वर्षी २१ मार्च. विषुवदिनाला लागून येणारा दिवस. आणि १ पौष येतो २२ डिसेंबरला, सूर्य दक्षिणेहून परत फिरतो त्या सुमारास.